तेलात खरंच अकरा टक्के सुटतात का? आठवड्याचं कॅटेगरीवाईज मार्जिन नीट कसं काढायचं

मिरजेतल्या एका किराणा दुकानाचं हिशोबाचं काम मी बघते, सेल्फ सर्व्हिस आहे, आठवड्याला साधारण सहा सव्वासहा लाखाची विक्री. दुकानाचे मालक, त्यांना आम्ही काकाच म्हणतो, त्यांनी एका सोमवारी आधीच्या माणसाने करून दिलेला रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला आणि तेलाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "अगं, हे तेलात अकरा टक्के म्हणतंय. मी तीस वर्षं तेल विकतोय, तेलात अकरा कधी सुटले नाहीत मला. आणि सुटत असतील तर ते पैसे गेले कुठं?"

काकांचं बरोबर होतं. रिपोर्टमधली बेरीज-वजाबाकी सगळी बरोबर होती, एकही आकडा चुकीचा टाइप झालेला नव्हता, तरी अकरा हा आकडा खोटा होता. कसा ते आधी बघू, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

त्या आठवड्यात तेलात चार आयटम होते. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून मी गोल करून देतेय. सोयाबीन तेलाचे पाउच १,२०,००० रुपयांचे विकले गेले, त्यात ४ टक्के सुटतात, म्हणजे ४,८०० रुपये. सूर्यफुलाचे १५ लिटरचे डबे ६०,००० चे गेले, ३ टक्के, म्हणजे १,८०० रुपये. घाण्याचं शेंगदाणा तेल १५,००० चं, त्यात १२ टक्के, परत १,८०० रुपयेच. आणि ऑलिव्ह तेलाच्या पाच बाटल्या, मिळून ५,००० रुपये, पण त्यात २५ टक्के, म्हणजे १,२५० रुपये.

आता आधीच्या माणसाने काय केलं होतं तर टक्क्यांच्या कॉलमची सरासरी घेतली होती. ४ + ३ + १२ + २५ म्हणजे ४४, भागिले ४, उत्तर ११. झालं, तेलाचं मार्जिन अकरा टक्के!

आणि खरं काय? चारही आयटमचे सुटलेले पैसे मिळवा, ४,८०० + १,८०० + १,८०० + १,२५०, होतात ९,६५०. विक्री मिळवा, ती होते २,००,०००. दोन लाखावर ९,६५० म्हणजे ४.८ टक्के. काका तीस वर्षं जे सांगत होते तेच.

अकरा टक्के खरे असते तर दोन लाखावर २२,००० रुपये सुटायला हवे होते. रिपोर्टमध्ये दिसणारे आणि गल्ल्यात असणारे यात १२,३५० चा फरक, एका कॅटेगरीत, एका आठवड्यात. काका विचारत होते ना पैसे गेले कुठं, ते कुठं गेले नव्हते, ते कधी आलेच नव्हते.

साध्या सरासरीत होतं काय की प्रत्येक ओळीला एक मत मिळतं. पाच बाटल्या विकलेल्या ऑलिव्ह तेलाला एक मत, आणि दिवसभर पिशव्या भरभरून जाणाऱ्या सोयाबीनला पण एकच मत. प्रत्यक्षात तेलाच्या विक्रीतून आलेल्या प्रत्येक शंभर रुपयातले साठ रुपये सोयाबीनचे आहेत आणि अडीच रुपये ऑलिव्हचे. मग मार्जिन ठरवताना सोयाबीनचं वजन साठ आणि ऑलिव्हचं अडीच धरायला नको का? यालाच वेटेड मार्जिन म्हणतात, विक्रीच्या रकमेचं वजन देऊन काढलेलं. नाव भारी वाटतं पण करायचं एवढंच की टक्के बाजूला ठेवायचे, रुपये मिळवायचे, आणि भागाकार अगदी शेवटी एकदाच करायचा. एकूण सुटलेले भागिले एकूण विक्री. प्रत्येक टक्क्याला विक्रीने गुणून मिळवा आणि एकूण विक्रीने भागा, तरी हेच उत्तर येतं, कारण टक्का गुणिले विक्री म्हणजे परत सुटलेले रुपयेच की.

इथं एक प्रश्न हमखास येतो, वजन विक्रीच्या रकमेचंच का, नगाचं किंवा किलोचं का नाही? कारण मार्जिनचा टक्का काढताना आपण विक्रीने भागलेलं असतं. ज्याने भागलं त्याचंच वजन द्यायचं, हा साधा नियम आहे. काही दुकानदार टक्का खरेदीवर धरतात, ८० ला घेतलं १०० ला विकलं तर २० सुटले, ते म्हणतात २५ टक्के कारण ते ८० वर मोजतात, हा मार्कअप झाला. तसं मोजत असाल तर वजन खरेदीच्या रकमेचं द्यावं लागेल. दोन्ही पद्धती चालतात पण एकाच रिपोर्टमध्ये दोन्ही मिसळल्या की कुणालाच काही कळत नाही, म्हणून कॉलमच्या डोक्यावर स्पष्ट लिहा टक्का कशावर काढलाय.

आता एक गंमत सांगते जी मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते, कारण यामुळेच ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. वरची अकरा टक्केवाली सरासरी आयटमवाईज एक्स्पोर्टवर होती, म्हणजे आठवड्याला एका आयटमची एक ओळ. बिलिंग सॉफ्टवेअरमधून तोच आठवडा बिलवाईज काढला तर प्रत्येक बिलातल्या प्रत्येक आयटमची वेगळी ओळ येते. सोयाबीनच्या ४०० ओळी, डब्यांच्या २५, शेंगदाण्याच्या ५० आणि ऑलिव्हच्या ५ असं समजा. आता या ४८० ओळींच्या टक्क्यांची साधी सरासरी काढा, ती येते बरोबर ५ टक्के. खऱ्या ४.८ च्या अगदी शेजारी! मग वाटतं की सरासरी तर बरोबर येतेय. पण ती बरोबर आली ती योगायोगाने, सोयाबीनची बिलं जास्त होती म्हणून. २,४०० चा डबा नेणाऱ्या गिऱ्हाइकाची पण एकच ओळ आणि ३०० चे दोन पाउच नेणाऱ्याची पण एकच. सणाच्या आठवड्यात डबे वाढले की हाच आकडा परत चुकणार.

यातून एक चांगली टेस्ट मिळते. तुमच्या रिपोर्टमधली कुठलीही एक ओळ घ्या आणि तिचे दोन तुकडे करा, म्हणजे १,२०,००० ची सोयाबीनची ओळ ६०,००० च्या दोन ओळी करा. दुकानात काहीही बदललेलं नाही, ना विक्री ना नफा. मार्जिन हललं तर तुमचा फॉर्म्युला ओळी मोजतोय, पैसे नाही. साध्या सरासरीत ११ चे लगेच ९.६ होतात, ४८ भागिले ५. वेटेडमध्ये ४.८ चे ४.८ च राहतात.

एक्सेलमध्ये हे कसं बसवायचं ते सांगते. माझ्या शीटमध्ये A मध्ये बिलाची तारीख, B मध्ये कॅटेगरी, C मध्ये आयटम, D मध्ये जीएसटी सोडून विक्री आणि E मध्ये त्याच मालाची खरेदी किंमत. ओळीओळीला टक्क्याचा कॉलम मी ठेवतच नाही, तो दिसला की कुणीतरी त्याची सरासरी काढतंच. H1 मध्ये आठवड्याचा सोमवार टाकायचा, K मध्ये कॅटेगरीची नावं, आणि मग L, M, N मध्ये अनुक्रमे विक्री, खरेदी आणि मार्जिन.

```
L2: =SUMIFS(D:D,B:B,K2,A:A,">="&$H$1,A:A,"<"&$H$1+7)
M2: =SUMIFS(E:E,B:B,K2,A:A,">="&$H$1,A:A,"<"&$H$1+7)
N2: =IF(L2=0,"",(L2-M2)/L2)
```

यात तारखेच्या भागाकडे जरा लक्ष द्या. बरेच जण शेवटच्या दिवसासाठी रविवारची तारीख टाकून "पेक्षा कमी किंवा बरोबर" लावतात. बिलात तारखेसोबत वेळ पण असेल तर एक्सेलसाठी रविवार म्हणजे शनिवार संपून रविवार लागतानाचे रात्रीचे बारा, त्यामुळे रविवारची दिवसभराची सगळी बिलं गायब होतात, आणि रविवार तर किराण्याचा सगळ्यात मोठा दिवस. म्हणून पुढच्या सोमवारपेक्षा कमी असं लिहायचं.

पिव्होट टेबल वापरत असाल तर मार्जिन टक्क्याचा कॉलम Values मध्ये ओढून Average लावू नका, त्याने परत अकराच येतील. त्याऐवजी Calculated Field बनवा, तो आधी दोन्ही कॉलमची बेरीज करतो आणि मग भागतो, आपल्याला हवं तेच. खालच्यात NetSales आणि Cost ही विक्री आणि खरेदीच्या कॉलमची नावं आहेत.

```
=(NetSales-Cost)/NetSales
```

आता टोटलची ओळ. कॅटेगरीचे आकडे बरोबर काढले तरी खाली येऊन लोक परत तीच चूक करतात. काकांच्या दुकानात त्या आठवड्याला तेल २,००,००० वर ४.८ टक्के, धान्य-डाळ-साखर २,५०,००० वर ७, बिस्किट-नमकीन ८०,००० वर १२, साबण-शाम्पू ६०,००० वर १३ आणि मसाले-सुकामेवा ४०,००० वर २२. या पाच टक्क्यांची सरासरी ११.८ येते. रुपये मिळवून बघा, ६,३०,००० च्या विक्रीवर ५३,३५० सुटले, म्हणजे साडेआठ टक्के पण पूर्ण नाहीत, ८.४७. टोटलच्या ओळीत N चा वरचा फॉर्म्युलाच खाली ओढायचा, L आणि M ची बेरीज करून. AVERAGE हा शब्द या शीटमध्ये कुठंच यायला नको.

वेटेड पद्धतीचा अजून एक फायदा आहे जो मला काम करता करता कळला, तो म्हणजे विचित्र ओळी आपोआप जागेवर बसतात. एका गिऱ्हाइकाने ऑलिव्हची बाटली परत आणली असं समजा. ओळ येते विक्री उणे १,०००, खरेदी उणे ७५०. टक्का काढा, उणे २५० भागिले उणे १,०००, उत्तर अधिक २५ टक्के! म्हणजे माल परत आला, पैसे परत गेले, आणि साध्या सरासरीत ती ओळ चांगल्या मार्जिनची म्हणून आकडा वर खेचते. रुपये मिळवताना मात्र ते २५० गुपचूप वजा होतात, व्हायलाच हवेत. तसंच स्कीमचं, तीन साबणांवर एक फुकट. फुकट साबणाच्या ओळीत विक्री शून्य आणि खरेदी ३० रुपये. टक्का काढायला गेलं की #DIV/0! येतो, मग कुणीतरी IFERROR लावून तो रिकामा करून टाकतं, आणि फुकट दिलेल्या साबणांचा खर्चच रिपोर्टमधून उडतो. बेरजेत ३० रुपये खरेदीत येतात आणि साबणाचं मार्जिन तेवढं कमी दिसतं, जे खरं आहे.

पण वेटेड म्हणजे सगळं सुधारतं असं नाही, आत जे टाकाल तेच बाहेर येणार. सगळ्यात जास्त गोंधळ जीएसटीचा. शेल्फवरची किंमत जीएसटीसकट असते, आणि खरेदीची किंमत सॉफ्टवेअर बहुतेक वेळा जीएसटी सोडून दाखवतं. विक्री सकट आणि खरेदी सोडून घेतली की सरकारचा टॅक्स तुमचं मार्जिन म्हणून दिसतो. साबणाचंच घ्या, जीएसटी सोडून विक्री १००, खरेदी ८७, खरं मार्जिन १३. १८ टक्के जीएसटी होता तेव्हा विक्री ११८ धरली तर मार्जिन दिसतं २६ टक्के, चक्क दुप्पट. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाच्या साबणाचा आणि शाम्पूचा जीएसटी ५ टक्के झाला, मग तीच विक्री १०५ आणि मार्जिन दिसतं १७. ज्यांचा रिपोर्ट असा चुकीचा होता त्यांना त्या आठवड्यात साबणाचं मार्जिन नऊ टक्क्यांनी कोसळल्यासारखं दिसलं असेल, आणि दुकानात तेरा होते ते तेराच. दोन्ही बाजू जीएसटी सोडूनच घ्या. फक्त कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर खरेदीवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे तो खरेदी किमतीत धरावाच लागतो.

दुसरं म्हणजे ज्या आयटमची खरेदी किंमत भरलेलीच नाही, त्याचं मार्जिन १०० टक्के दिसतं. नवीन माल आला, घाईत बारकोड टाकला, रेट नंतर भरू म्हणून राहिला. मी दर सोमवारी रिपोर्टच्या आधी फक्त दोन फिल्टर लावते, खरेदी शून्य असलेल्या विक्रीच्या ओळी आणि खरेदी विक्रीपेक्षा जास्त असलेल्या ओळी. पहिल्यात न भरलेले रेट सापडतात, दुसऱ्यात बऱ्याचदा युनिटची चूक असते, खरेदी बॉक्सची आणि विक्री नगाची. एका बॉक्सच्या चुकीने अख्खी बिस्किट कॅटेगरी तोट्यात गेलेली मी पाहिलीय.

आता शेवटची आणि माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट. वेटेड रिपोर्ट सुरू केल्यावर दुसऱ्याच आठवड्यात काकांचा फोन आला, "सगळ्या तेलाचं मार्जिन मी वाढवलं, तू म्हणतेस कमी झालं?" आणि दोघंही बरोबर होतो!

सणाचा आठवडा होता. सोयाबीन २,००,००० चं गेलं, ४.५ टक्क्यांनी, म्हणजे ९,००० सुटले. डबे १,००,००० चे, साडेतीन टक्के, ३,५००. शेंगदाणा ८,००० चं, साडेबारा टक्के, १,०००. ऑलिव्ह २,००० चं, २६ टक्के, ५२०. चारही आयटमचं मार्जिन आधीच्या आठवड्यापेक्षा अर्ध्या किंवा एका टक्क्याने जास्त आहे. पण मिळवा, ३,१०,००० च्या विक्रीवर १४,०२०, म्हणजे ४.५ टक्के. आधी ४.८ होते.

झालं असं की कमी मार्जिनचा माल ढिगाने गेला आणि जास्त मार्जिनचा कमी गेला. शंभरातले नव्वद रुपये सोयाबीन आणि डब्यांचे होते तिथं आता सत्याण्णव झाले. याला मिक्स म्हणतात. साध्या सरासरीत हे कधीच दिसलं नसतं, तिने ११ चे साडेअकराच्या वर दाखवले असते आणि सगळे खुश झाले असते.

दोन कारणं वेगळी करायची असतील तर एक छोटा हिशोब आहे. या आठवड्याचे टक्के घ्या पण विक्री मागच्या आठवड्याची ठेवा. १,२०,००० वर साडेचार टक्के ५,४००, ६०,००० वर साडेतीन २,१००, १५,००० वर साडेबारा १,८७५, ५,००० वर २६ टक्के १,३००. मिळून १०,६७५, दोन लाखावर ५.३४ टक्के. म्हणजे माल मागच्या आठवड्यासारखाच विकला गेला असता तर मार्जिन ४.८ वरून ५.३ वर गेलं असतं, हा काकांनी वाढवलेल्या रेटचा परिणाम, साधारण अर्धा टक्का वर. आणि तिथून ४.५ ला आलं तो मिक्सचा, साधारण पाऊण टक्क्याहून थोडं जास्त खाली. आता बोलता येतं, रेट चुकला का माल बदलला.

आणि मिक्समुळे टक्का घसरला म्हणजे वाईट झालं असं लगेच समजू नका. सुटलेले रुपये ९,६५० वरून १४,०२० झालेत, भाडं आणि पगार टक्क्यांनी नाही रुपयांनी द्यावे लागतात. त्यामुळे टक्क्याच्या शेजारी रुपयांचा कॉलम मी कायम ठेवते. उलट पण होतं, एकूण वेटेड आकड्यात ऑलिव्हसारखा छोटा आयटम बुडून जातो, त्याचं मार्जिन २६ वरून शून्यावर आलं तरी कॅटेगरी जेमतेम हलते. त्यासाठी आयटमची यादी वेगळी बघावी लागते.

कंपन्यांचे स्कीमचे पैसे महिनाअखेरीला क्रेडिट नोटने येतात, ते पण लक्षात ठेवा. ते आठवड्याच्या खरेदी किमतीत नसतात, त्यामुळे चार आठवड्यांची बेरीज आणि महिन्याचं मार्जिन जुळणार नाही. मी क्रेडिट नोटची वेगळी ओळ खाली दाखवते, कॅटेगरीत वाटत बसत नाही.

आता काकांचा रिपोर्ट एका पानाचा असतो. कॅटेगरी, विक्री, सुटलेले रुपये, मार्जिन, मागच्या आठवड्याचं मार्जिन, आणि फरकातला रेटचा किती, मिक्सचा किती. त्या सणाच्या आठवड्यानंतर त्यांनी सोयाबीनचा रेट आहे तसाच ठेवला आणि शेंगदाण्याच्या बाटल्या मागच्या रॅकवरून काउंटरजवळ आणल्या. पुढच्या सोमवारी सगळ्यात आधी त्यांनी मिक्सचाच कॉलम विचारला.